राखीचं गाणं : भाऊ-बहिणीचं भांडण सुरात कसं बसवायचं?

वाड्यावरची

मंडळी, मदत हवी आहे. राखी पुनवेला संध्याकाळी देवळाच्या मंडपात छोटा कार्यक्रम आहे. त्यात सख्खे बहीण-भाऊ एक नवं गाणं म्हणणार आहेत. बहीण थोरली, लग्न झालेली, भाऊ धाकटा. दोघंही भजनात गाणारी, सुराला पक्की. विषय ठरला आहे : लहानपणीची भांडणं, चिडवाचिडवी आणि शेवटी एकमेकांना दिलेलं वचन. साथीला पेटी, तबला, मंजिरी.

तीन ठिकाणी अडलं आहे. भावाचा सूर काळी एक, बहिणीचा काळी चार, मग दोघांनी एकत्र गायचं कुठल्या सुरात? दुसरं, भांडण गाण्यात आणलं की ते नाटकातल्या संवादासारखं होतं, चालीत बसत नाही. सुरुवात सध्या अशी लिहिली आहे : 'आठवतं का रे बाबू तुझं ते मला चिडवणं'. तिसरं, वचन आलं की गाणं एकदम भाषणासारखं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

नारळीभात

नवं कशाला? राखीची जुनी गाणी ढिगाने आहेत. ट्रॅक मिळतो, लावा आणि म्हणा.

वाड्यावरची

ट्रॅकचा सूर ट्रॅकवाल्याचा असतो हो. आणि नवंच हवं आहे.

काळी_तीन

सुरापासून सुरू करतो, कारण तो चुकला तर शब्द कितीही चांगले असोत, कोणाला ऐकू येणार नाहीत.

काळी एक आणि काळी चार यांत पंचमाचं अंतर आहे. भावाचा पंचम तोच बहिणीचा षड्ज. गाणं काळी एकमध्ये बांधलंत तर बहीण खर्जात घुमत राहील आणि मांडवातल्या पंख्याच्या आवाजात तिचे शब्द विरून जातील. काळी चारमध्ये बांधलंत तर भावाला वरचा षड्ज ओढून काढावा लागेल, आणि चिडवायच्या ओळीत आवाज ताणला की चिडवणं राहत नाही, खरोखरचा राग वाटतो.

म्हणून सूर मधला घ्या. पेटी काळी तीन. पण नुसता मधला सूर घेऊन भागत नाही. दोघांना एकच चाल दिली तर दोघांचीही गैरसोय होते. चालच दोन मजल्यांची करा. भावाच्या ओळी मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत ठेवा. काळी तीनचा मंद्र पंचम म्हणजे काळी एकच, त्यामुळे तो त्याच्या रोजच्या सप्तकात गातो, फक्त त्याला कळत नाही. बहिणीच्या ओळी मध्यमापासून तार गंधारापर्यंत. तिला हा सूर रोजच्यापेक्षा एका स्वराने खाली आहे, त्यामुळे वर जाताना धाप लागत नाही.

यात भांडणाचा आपोआप फायदा होतो. तिचा प्रश्न वरून येतो, त्याचं उत्तर खालून. डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही कोण बोलतंय ते कळतं.

फोंडा_एक्सप्रेस

एवढा व्याप कशाला? कीबोर्ड घ्या. ट्रान्स्पोजचं बटण असतं. बहिणीची ओळ आली की काळी चार, भावाची आली की काळी एक. दोघंही आपापल्या सुरात, प्रश्नच मिटला.

काळी_तीन

कडव्याकडव्याला सूर बदलायचा असेल तर हे चालतं, आणि चांगलंही लागतं. पण इथे ओळीमागे ओळ सवाल-जवाब आहे. दर दहा सेकंदांनी षड्ज हलला तर गाणाऱ्याला आपला सा सापडेपर्यंत त्याची ओळ संपलेली असते. आणि तबल्याचं काय करणार? तो एका स्वरात लावलेला असतो, त्याला बटण नाही.

फोंडा_एक्सप्रेस

ऑक्टोपॅड. 😄

काळी_तीन

देवळाच्या मंडपात ऑक्टोपॅड आणलात तर भजनी मंडळ तुमच्या गळ्यात मंजिऱ्या बांधेल.

सातेरीचा_सूर

आमच्याकडे सातवीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी आहे, शाळेच्या कार्यक्रमासाठी. त्यांनाही काळी तीनच का? मुलाला खाली जायला जमेल ना?

काळी_तीन

नाही, वरचं सगळं मोठ्यांसाठी आहे. आवाज फुटेपर्यंत मुलगा आणि मुलगी एकाच उंचीवर गातात. त्यांना दोन मजल्यांची चाल दिली तर मुलाला खालचे स्वर लागणारच नाहीत, तो नुसता पुटपुटेल. दोघांना एकच चाल द्या, आणि कोण बोलतंय ते कळायला शब्दांतला फरक पुरेसा आहे. मात्र मुलगा सातवीत आहे म्हणता, तर त्याला आताच एकदा वरच्या षड्जावर 'आ' धरायला लावा. आवाज मध्येच तडकत असेल तर कार्यक्रमाच्या दिवसाचा भरवसा नाही, त्याच्या ओळी आणखी खाली आणून ठेवा.

मात्रामोजणी

आता शब्दांकडे. धागाकर्तीची ओळ बोटांवर मोजली. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन धरून 'आठवतं का रे बाबू तुझं ते मला चिडवणं' या ओळीच्या सत्तावीस मात्रा होतात. केरवा आठ मात्रांचा. पहिल्या आठांत 'आठवतं का' व्यवस्थित बसतं. पुढच्या आवर्तनात 'रे बाबू तु' इथवर सात मात्रा झाल्या, आणि 'झं'ची दोन मात्रांची उडी थेट पुढच्या समेवर पडते. म्हणजे तबलजी समेवर थाप मारतो तेव्हा गाणारीच्या तोंडात अर्धा 'तुझं' असतो. नाटकासारखं वाटतं ते यामुळे. ओळ बोलण्याची आहे, गाण्याची नाही.

सोपा उपाय म्हणजे सोळा मात्रांची ओळ, आठाला शब्द पुरा. दोन आवर्तनांत एक ओळ संपते, भावाचं उत्तर पुढच्या दोन आवर्तनांत.

'आठवते का बाबू तुजला' असं केलं तर सोळा होतात.

पाटावरची_माई

'तुजला' कोण म्हणतं हो आता? धाकट्या भावाला 'तुजला' म्हणणारी बहीण दाखवा.

आणि मला तर 'आठवतं का' हेच खटकतं. आठवणीचं गाणं म्हणजे 'आठवतं का' म्हणायचं असं नाही. ती दोघं मंचावर उभी राहून लहानपणचंच भांडण आत्ता भांडू देत. ज्याचा निकाल तेव्हा लागला नाही ते आज काढलं, असं. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की गोष्ट जुनी आहे, कारण तीस वर्षांची बाई वेणी ओढल्याची तक्रार करते आहे.

मात्रामोजणी

माईंचं पटलं. 'आठवतं' काढून थेट तक्रार घालू. हे बघा :

बहीण : कुणी ओढली वेणी माझी?
भाऊ : आधी फुटली पाटी माझी!

दोन्ही ओळी आठ-आठ. 'कुणी ओढली' आठ, 'वेणी माझी' आठ. 'आधी फुटली' आठ, 'पाटी माझी' आठ. त्याने आरोप नाकारला नाही, नुसता आपला आरोप पुढे केला. भांडण खरं वाटायचं तर उत्तर असंच तिरकं हवं. 'हो, मीच ओढली' म्हटलं की भांडण संपलं आणि गाणंही.

दुसरी जोडी :

बहीण : कुणी चोरली पातोळी ती?
भाऊ : तूच म्हणाली, नको मला ती!

खाजेंवाला

पातोळी! आता कसं गोंयचं गाणं झालं. हळदीच्या पानाचा वास आला. पण पातोळी नागपंचमीची, राखीला कुठली?

पाटावरची_माई

श्रावणात हळदीची पानं असतात तोवर पातोळ्या होतच राहतात. आणि भांडण लहानपणचं आहे, राखीच्या दिवशीचं थोडंच आहे?

पण मात्रामोजणी, 'तूच म्हणाली' नको. समोर उभी आहे तिच्याशी बोलतो आहे, मग 'म्हणालीस' हवं. तो 'स' गाळला की भाऊ तिसऱ्याच बाईबद्दल बोलतो आहे असं वाटतं.

मात्रामोजणी

'म्हणालीस' केलं की एक मात्रा वाढते. 'तूच म्हणालिस, नको मला ती' असं लि ऱ्हस्व करून लिहू. तूच तीन, म्ह एक, णा दोन, लिस दोन, झाले आठ. गाण्यात तेवढी मोकळीक चालते. फक्त वहीत ऱ्हस्वच लिहा, नाहीतर गाणारी माणसं सवयीने दीर्घ म्हणतील आणि पुढचा 'नको' उशिरा येईल.

खाजेंवाला

ती आणि ती हे यमक झालं का? शाळेत आम्हाला यावर गुण मिळत नव्हते.

मात्रामोजणी

खरं सांगायचं तर कच्चं आहे. वेणी-पाटी, मग 'माझी', तिथे दोन पायऱ्या आहेत. इथे 'पातोळी' आणि 'मला' जुळत नाहीत, नुसता 'ती' उरतो. कोणाला चांगलं सुचलं तर द्या.

कांपालचो_बाबू

दोगांय गोंयकार, मागीर गीत मराठींतच कित्याक? कोंकणींत बरयात मरे.

संपादक

या धाग्यावर भाषावाद नको. तो जिथे रंगतो तिथे रंगू दे.

पाटावरची_माई

वाद नको, पण बाबूच्या म्हणण्यात कामाची गोष्ट आहे. भांडण विकोपाला गेलं की घरात तोंडून कोंकणीच येतं. सगळं गाणं मराठी ठेवा, आणि कडव्याच्या शेवटी तबला थांबवून बहिणीने एकदाच, न गाता, बोलावं : 'आई, पळय गो हाका!' मात्रांत बसवायचं नाही. मंडप हसेल आणि मग मुखडा.

कांपालचो_बाबू

हें जालें. देव बरें करूं.

काळी_तीन

तबला थांबवा, पण मोजून. एक आवर्तन पूर्ण रिकामं, आठ मात्रा, मंजिरी चालू. तबलजीला 'ती बोलून झाली की सुरू कर' असं सांगितलं तर लोक हसत राहतील, तो वाट बघत राहील आणि लय हातची जाईल. मंजिरीवाला लय धरून ठेवतो, हसू आठ मात्रांत मावलं नाही तर आणखी आठ.

आता चाल. मुखड्यापुरती लिहून देतो, खमाजच्या अंगाची, म्हणजे पुढे वचनाला कोमल निषाद हाताशी राहील. अवग्रह म्हणजे स्वर लांबवायचा, आधी टिंब म्हणजे मंद्र.

बहीण : प ध ऽ सां ऽ सां ध ऽ । सां ऽ ध ऽ म ऽ प ऽ
भाऊ : सा ऽ रे ऽ ग ग रे ऽ । सा ऽ .ध ऽ रे ऽ सा ऽ

बहिणीची ओळ पंचमावर सोडली आहे, ती षड्जावर टेकवू नका. टेकवली की प्रश्नाचं विधान होतं. भावाची मात्र षड्जावर धाडकन संपवा, 'झी'वर अजिबात हरकत नको. उत्तर देऊन मोकळा झाला असं वाटलं पाहिजे. गळा तयार असलेल्या गाणाऱ्यांचा इथेच घोटाळा होतो. हात शिवशिवतात, शेवटच्या अक्षरावर मुरकी घेतात, आणि भांडण भावगीत होऊन बसतं.

फोंडा_एक्सप्रेस

भांडताना कोणी दुसऱ्याचं वाक्य संपायची वाट बघतं का? एकमेकांच्या ओळीवर ओळ चढवा. तेव्हाच खरं वाटेल.

काळी_तीन

एकदा चढवा, प्रत्येक ओळीला नको. दोन आवाज दोन वेगळे शब्द एकाच वेळी म्हणू लागले की मंडपातल्या तिसऱ्या रांगेला एकही कळत नाही. जागा निवडायची तर बहिणीचा 'माझी' लांबतो तिथे. तेराव्या मात्रेपासून तिचा शब्द लोकांना कळून चुकलेला असतो, दुसऱ्यांदा म्हणताना तर नक्कीच. तिथे भावाने 'ए ए ए' करत घुसावं आणि समेवर आपली ओळ धरावी. मुखडा तिसऱ्यांदा येईल तेव्हा. पहिल्यांदाच घुसला तर त्यात गंमत काय ते कळणार नाही.

ढोलताशा

घुमट घ्या ना! गोंयच्या गाण्यात तबला कसला. 2019 साली घुमटाला राज्याचं वारसावाद्य ठरवलं आहे. घुमट, शामेळ, कांसाळें, मंडप दणाणून जाईल.

पेडण्याची_पेटी

दणाणेल, म्हणूनच नको. घुमट आरतीच्या घोळक्यासाठी आहे. वीस गळे एकत्र असतात तेव्हा तो शोभतो. इथे एकट्या बहिणीची ओळ आहे, आणि त्यात शब्दच सगळं. शिवाय श्रावणातली हवा. कातडं ओल धरतं आणि सैल पडतं, आवाज 'घुम्म' येण्याऐवजी 'भद्द' येतो. कार्यक्रमाआधी ऊन किंवा शेक दाखवून घ्यावा लागतो आणि अर्ध्या तासात तो परत उतरतो. तबल्यालाही ओल लागते, पण त्याला गट्टे ठोकून सूर चढवता येतो.

घुमट हवाच असेल तर एकच, तोही फक्त मधल्या वाद्यांच्या जागेत, जिथे कोणी गात नाही. आणि बकरीच्या कातड्याचाच. घोरपडीचं कातडं आता कायद्यात बसत नाही.

ढोलताशा

मधली जागा म्हणजे किती?

पेडण्याची_पेटी

ते राखी कुठे बांधणार त्यावर आहे. मंचावर गाता गाता राखी बांधणार आहात का?

वाड्यावरची

हो, तसाच विचार आहे. गाण्याच्या मध्येच.

पेडण्याची_पेटी

मग हिशोब करा. लय मिनिटाला शहाण्णव मात्रा धरली तर सोळा मात्रांची ओळ दहा सेकंदांत होते. कुंकू, अक्षता, राखीची गाठ, ओवाळणं, यांना चाळीस सेकंद तरी लागतात. म्हणजे वाद्यांच्या चार ओळी. बहुतेक जण दोन ओळी ठेवतात, तिची गाठ अजून बसलेली नसते आणि भावाचं कडवं सुरू होतं. तो हात पुढे करून गातो आहे, ती मान खाली घालून दोऱ्याशी झगडते आहे, तिची ओळ येते ती माईकपासून दोन हात लांब.

दोन गोष्टी करा. माईक हातात नको, दोघांपुढे उभा स्टँड. आणि रेशमाचा गुळगुळीत दोरा नको, त्याची गाठ एका दमात बसत नाही, सुटते. सुती दोरा किंवा सरफासाची राखी घ्या. सरफास आधी अर्धा ओढून ठेवला तर पाच सेकंदांत काम होतं.

पाटावरची_माई

सरफासाची राखी म्हणजे घड्याळाचा पट्टा. दोऱ्याचीच बांधा, गाठ मारायला वेळ लागतो तो लागू दे.

पेडण्याची_पेटी

माई, लागू दे म्हणणं सोपं आहे, पेटीवर तीच ओळ आठ वेळा वाजवणाऱ्याला विचारा.

म्हादयकाठ

वचनाबद्दल कोणीच बोललं नाही. तिसरा प्रश्न तोच होता.

माझ्या मते भाषण होतं ते 'रक्षण', 'पाठीशी', 'सदैव', 'जन्मोजन्मी' या शब्दांमुळे. वेणी, पाटी, पातोळी अशा हातात धरता येणाऱ्या वस्तूंवरून गाणं चालत आलेलं असतं आणि अचानक हवेत जातं. वचनही हातात धरता येईल असं द्या. राखी पुनवेपासून चवथ साधारण अडीच-तीन आठवड्यांवर असते, मग भाऊ चवथीला येण्याचं वचन देऊ शकतो. बहीण ओझें घेऊन माहेरी येते ना चवथीला, तेच घाला.

पाटावरची_माई

उलट झालं बाळा. ओझें माहेराहून निघतं आणि मुलीच्या सासरी जातं. नेवऱ्या, लाडू, फळं असं सगळं घेऊन भाऊ जातो. तेही लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला. धागाकर्तीच्या बहिणीचं लग्न जुनं असेल तर ओझ्याचं नाव घेतलं की गावातल्या बायका कुजबुजतील.

खाजेंवाला

पहिल्याच वर्षी असं काही नाही, आमच्या बाजूला पुढेही काही ना काही पाठवतात.

पाटावरची_माई

पाठवतात ते वेगळं, त्याला ओझें म्हणत नाहीत.

खाजेंवाला

आम्ही म्हणतो.

मात्रामोजणी

ओझें टाळून :

भाऊ : चवथीला मी येइन ताई
बहीण : पाउस मोठा, नकोच घाई

दोन्ही सोळा. 'येइन' आणि 'पाउस' ऱ्हस्वच म्हणायचे. आतापर्यंत सगळ्या जोड्यांत ती विचारत होती, तो उत्तर देत होता. इथे क्रम उलटला आहे, तो आधी बोलतो. वचनाचं कडवं वेगळं आहे हे एवढ्यावरून कळतं, 'वचन' हा शब्द कुठेच घालावा लागत नाही.

म्हादयकाठ

पण तिने काय दिलं? वचन फक्त भावानेच द्यायचं का?

मात्रामोजणी

'नकोच घाई' म्हणजे तिने वाट बघायचं कबूल केलं, असं मी धरलं.

म्हादयकाठ

तुम्ही धरलं, लोक धरतील का? तिच्या तोंडी एखादी पुरी ओळ हवी. पातोळीवरून भांडण झालं होतं ना, मग पातोळीच राखून ठेवू दे.

मात्रामोजणी

थांबा. 'तुझ्याचसाठी पातोळी ही'. तुझ्याचसाठी : एक, दोन, एक, दोन, दोन, आठ झाले. पातोळी ही : आठ. जोडीला भाऊ : 'अर्धी माझी, अर्धी तूही'. छे, 'तूही' लंगडं आहे. 'अर्धी घे तू, अर्धी मीही'. हेही सोळा, आणि बोलण्यात बसतं.

पाटावरची_माई

हे ठेवा. चोरलेल्या पातोळीचा निकाल लागला.

काळी_तीन

या कडव्याच्या चालीबद्दल. सगळ्यांना इथे लय कमी करायची इच्छा होते. करू नका. तबला हळू झाला की मुखड्यावर परत येताना तो पुन्हा चढवावा लागतो, आणि पेटी, तबला, मंजिरी, दोन गळे असे पाच जण एकाच क्षणी चढत नाहीत. लय तीच ठेवा आणि चाल दुप्पट पसरवा. एका मात्रेचं अक्षर दोन मात्रांना. ओळ चार आवर्तनांत जाईल. तबल्याने केरवा सोडून भजनी ठेका धरावा, मात्रा आठच. ऐकणाऱ्याला गाणं शांत झाल्यासारखं वाटतं, आणि खाली घड्याळ तेच चालू असतं.

भावाच्या 'येइन'वर कोमल निषाद, मंद्रातला. एकदाच. बहिणीच्या 'नकोच घाई'ला प्रथमच षड्जावर टेकू द्या. पूर्ण गाणंभर तिची प्रत्येक ओळ पंचमावर अधांतरी होती.

फोंडा_एक्सप्रेस

शेवटी दोघांनी एकत्र गायला हवं ना? की शेवटपर्यंत भांडतच राहणार?

काळी_तीन

एकत्र गायचं तर जपून. काळी तीनमध्ये सा ते प या पट्ट्यात बहीण खूप खाली येते. तिथे दोघांनी मिळून गायलं तर फक्त भाऊ ऐकू येतो आणि लोकांना वाटतं तिने तोंड नुसतं हलवलं. बहिणीने तिचीच वरची चाल म्हणावी, भावाने तीच एक सप्तक खाली. म, प, ध हे स्वर त्याला मंद्रात येतात. मंद्र पंचमाखाली त्याला नेऊ नका, म्हणजे 'वेणी माझी'तला मध्यम तेवढा त्याच्यासाठी पंचम करून घ्या.

खाजेंवाला

एकत्र म्हणताना तो 'वेणी माझी' म्हणणार?

काळी_तीन

...

पाटावरची_माई

😂 तेच शेवटचं चिडवणं समजा. किंवा ती 'वेणी माझी' म्हणेल, तो त्याच वेळी 'पाटी माझी'. माझी-माझी दोघांचं एकत्र येतं.

मात्रामोजणी

वा माई! 'कुणी ओढली वेणी' आणि 'आधी फुटली पाटी' वेगवेगळं, दोन मजल्यांवर, एकाच वेळी. शब्द कळले नाहीत तरी चालेल, तोवर लोकांना पाठ झालेले असतात.

पेडण्याची_पेटी

वेळेचा हिशोब : मुखडा दोन ओळींचा, चार वेळा, ऐंशी सेकंद. भांडणाची दोन कडवी चार-चार ओळींची, तेही ऐंशी. वचनाच्या चार ओळी पसरून ऐंशी. राखीची जागा चाळीस. चार मिनिटं चाळीस सेकंद, वर हसण्याची एक-दोन आवर्तनं. पाच मिनिटांत बसतं. यापेक्षा एकही कडवं वाढवू नका, भांडण तिसऱ्या कडव्यात तेच तेच वाटू लागतं.

वाड्यावरची

सगळ्यांचे आभार. पेटीवर बसवून बघितलं, दोन मजल्यांची चाल खरंच सोपी पडते आहे. भाऊ मंद्र धैवतावर छान उतरतो. दोन भांडणं हाताशी आहेत, पातोळीचं यमक तेवढं अजून शोधते. मुखड्याची जोडी सोडली तर आणखी तीन जोड्या लागतील ना? एक बसमधल्या खिडकीवरून करते आहे.

एक शंका : तबलजी काळी चारचा तबला घेऊन येतो, भजनात बहिणीच्या साथीला तोच असतो. चालेल?

काळी_तीन

नाही. काळी तीनच्या गाण्यात काळी चार म्हणजे रिषभ. तबला रिषभात बोलत राहिला तर पेटीशी सतत खटका उडेल आणि दोघांनाही आपण बेसूर आहोत असं वाटेल. गट्टे उतरवून एका स्वराने खाली येईल, पण श्रावणात आधीच सैल असलेली पुडी आणखी उतरवली तर आवाजात जीव राहत नाही. काळी तीनला लागलेला दुसरा तबला मागवा, तो नाही मिळाला तर काळी एकचा. तो इथे पंचम होतो, चालून जाईल. आजच फोन करा, चवथ जवळ आली की तबले कोणाकडे शिल्लक राहत नाहीत.

खाजेंवाला

पातोळीचं यमक : 'कुणी चोरली पातोळी ती? / तुझीच होती रिती वाटी ती!'

मात्रामोजणी

दुसरा भाग नऊ मात्रा.